पहिल्या यंत्राचे तास आणि आठव्या यंत्राचा दर

नवे उत्पादन हाती घेणाऱ्या कारखान्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पहिले यंत्र जुळवायला हजार तास लागले, तर पुढच्या मागणीसाठी दरपत्रक देताना किती तासांची मजुरी धरायची? हजार तासच धरले, तर दर अवाच्या सवा होऊन मागणी स्पर्धकाकडे जाते. 'कामगार शिकतील, वेळ कमी होईल' अशा नुसत्या भरवशावर दर खाली आणला, तर तोटा ठरलेला. या दोन टोकांमधला मार्ग मोजून काढण्याचे साधन म्हणजे अध्ययन वक्र, उद्योगजगताच्या भाषेत 'लर्निंग कर्व्ह'.

या कल्पनेला नेमके रूप दिले ते अमेरिकेतील विमान अभियंता टी. पी. राइट यांनी. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी विमानबांधणीच्या खर्चाचा अभ्यास मांडला. बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली, की दर विमानामागचे सरासरी श्रम एका ठरावीक प्रमाणात कमी होतात, असे त्यांना आढळले. विमानांच्या बाबतीत हे प्रमाण त्यांनी ८० टक्के धरले. म्हणजे प्रत्येक दुपटीला सरासरी आधीच्या सरासरीच्या ८० टक्क्यांवर येते. इथे घट दर महिन्यागणिक किंवा दर नगागणिक होत नाही, ती दुपटीगणिक होते. त्यामुळे सुरुवातीला वेळ झपाट्याने उतरतो आणि पुढे घट मंदावत जाते.

आठ यंत्रांचा हिशेब

समजा, एका कारखान्याला नव्या धाटणीची चार यंत्रे बांधायची आहेत. पहिल्याला १००० तास लागले आणि वक्र ८० टक्क्यांचा आहे. दोन यंत्रांची सरासरी ८०० तास होईल, चारांची ६४०. म्हणजे चार यंत्रांना मिळून २५६० तास लागतील. मजुरी ताशी २०० रुपये धरली, तर हा खर्च ५ लाख १२ हजार रुपये होतो.

आता त्याच ग्राहकाने आणखी चार यंत्रे मागितली. इथे बहुतेकांचा हात सहज जुन्या सरासरीकडे जातो आणि पुन्हा ५ लाख १२ हजारांचाच अंदाज मांडला जातो. वक्राप्रमाणे मात्र आठ यंत्रांची सरासरी ५१२ तास आणि एकूण तास ४०९६ होतात. त्यातून आधीचे २५६० वजा केले, की नव्या चारांच्या वाट्याला १५३६ तास उरतात. त्यांची मजुरी ३ लाख ७ हजार २०० रुपये. दोन अंदाजांत दोन लाखांहून अधिक अंतर आहे आणि मागणी मिळणे न मिळणे अनेकदा तेवढ्यावरच ठरते.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा दडला आहे. आठ यंत्रांची सरासरी ५१२ तास असली, तरी एकटे आठवे यंत्र सुमारे ३५५ तासांतच पूर्ण होते, कारण सरासरीत पहिल्या यंत्रांचे जड तासही मिसळलेले असतात. आठव्यानंतर शिकणे थांबून वेळ स्थिरावला असे गृहीत धरले, तर पुढील प्रत्येक यंत्राला ३५५ तास धरायला हवेत, ५१२ नव्हे.

सरासरी की नग?

राइट यांचा नियम सरासरीबद्दल बोलतो. पुढे प्रचलित झालेल्या दुसऱ्या पद्धतीत तेच प्रमाण प्रत्यक्ष नगाच्या वेळेला लावतात. तिथे दुसऱ्या यंत्रालाच ८०० तास, चौथ्याला ६४० आणि आठव्याला ५१२ तास लागतात. या पद्धतीने आठ यंत्रांचे एकूण तास सुमारे ५३४६ होतात. पहिल्या पद्धतीहून ते साडेबाराशे तासांनी अधिक आहेत. दोन्ही ठिकाणी लिहिलेले असते '८० टक्के' एवढेच. म्हणून कोणाच्या अहवालातून टक्केवारी उचलण्याआधी ती सरासरीची आहे की नगाची, हे तपासणे भाग आहे.

त्याहून मोठा धोका टक्केवारीच्या निवडीत आहे. वरच्या उदाहरणात वक्र प्रत्यक्षात ९० टक्क्यांचा निघाला, तर दुसऱ्या चार यंत्रांना १५३६ ऐवजी २५९२ तास लागतात आणि अंदाजाहून २ लाख ११ हजार २०० रुपये अधिक मोजावे लागतात. हातकामाचा वाटा मोठा असेल, तिथे घट अधिक दिसते. यंत्राच्या ठरलेल्या गतीने होणाऱ्या कामात कामगार कितीही सरावला, तरी यंत्राचा फेरा लहान होत नाही. म्हणून जुळणी, तारजोडणी, तपासणी यांचे तास वेगळे आणि यंत्रकामाचे तास वेगळे काढून वक्र पहिल्यालाच लावणे शहाणपणाचे. कच्च्या मालाला तर तो सरसकट लागूच होत नाही. मजुरी नगावर ठरलेली असेल, तर तास वाचले तरी मजुरीचा खर्च आपोआप खाली येत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

विसरण्याचीही किंमत

हा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. काम अखंड चालू राहिले पाहिजे. ही अट मोडली की काय होते, याचे बोलके उदाहरण लॉकहीड कंपनीच्या एल-१०११ ट्रायस्टार या प्रवासी विमानाचे आहे. १९७२ मध्ये ते प्रवासी सेवेत दाखल झाले. पुढे मागणी रोडावल्याने उत्पादनाचा वेग मंदावला, कामगारांची संख्या घटली आणि उत्पादन पुन्हा वाढवताना नवी माणसे कामावर आली. अर्थतज्ज्ञ लॅनियर बेंकार्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या विमानाच्या श्रमतासांचा मागोवा घेतला. नुसता शिकण्याचा वक्र या नोंदींशी जुळत नव्हता, पण कारखाना शिकलेले विसरतोही, असे धरल्यावर त्यांचा अर्थ लागत होता. विमानाच्या नव्या आवृत्तीत जुना अनुभवही पूर्णपणे उपयोगी पडला नाही. अखेर २५० विमानांनंतर उत्पादन बंद झाले.

म्हणून अंदाजपत्रक एकदा मांडून फाइलबंद करण्याजोगे नसते. प्रत्येक यंत्राचे तास जॉब कार्डावरून घ्यावेत आणि दुसरे व चौथे यंत्र पूर्ण होताच सरासरी तपासावी. पहिल्याला १००० आणि दुसऱ्याला ७०० तास लागले, तर दोघांची सरासरी ८५० येते. म्हणजे वक्र ८५ टक्क्यांचा आहे, ८० चा नव्हे. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असलेल्या कागदावर नगसंख्येपुढे सरासरी मांडली, की नियम पाळला जात असेल तोवर बिंदू एका सरळ रेषेत उतरतात. ते आडवे पडू लागले, तर शिकणे थांबले. ते वर चढू लागले, तर आरेखन बदलले, खंड पडला किंवा सरावलेले हात कारखाना सोडून गेले, यांपैकी काहीतरी घडले असणार.

दरपत्रकावर ३०७ हजारांचा आकडा लिहिताना तेच हात आठव्या यंत्रापर्यंत कामावर असतील, हेच गृहीत धरलेले असते. पहिल्या चार यंत्रांनंतर काही महिने काम थांबणार असेल किंवा कंत्राट संपून माणसे बदलणार असतील, तर ते २०४८०० रुपये वाचतीलच असे धरता येत नाही. दर ठरवणाऱ्याने तो प्रश्न आधी मनुष्यबळ विभागाला विचारलेला बरा.