दोन मुलखांची इस्टेट : 1957 पासूनचा मागोवा

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी मालवण रत्नागिरीत होतं आणि 1961 च्या डिसेंबरपर्यंत सातार्ड्याच्या पलीकडचा मुलूख पोर्तुगालचा. तेव्हा सोयरीक पलीकडे, जमीन अलीकडे आणि पोटापाण्याची सोय मुंबईत, अशी कुटुंबं कमी नव्हती. त्या काळातल्या एका मृत्युपत्राचा निकाल लागायला 2019 उजाडलं.

गोव्याचे मूळ रहिवासी असलेल्या एका गृहस्थांनी 1951 साली मुंबईत घर घेतलं. 1957 साली मृत्युपत्र करून ते धाकट्या मुलीला दिलं आणि इतर दोघींना थोडी रोख ठेवली. 1967 साली ते वारले. मुंबई उच्च न्यायालयाने 1980 साली प्रोबेटही दिलं. पण गोव्यात वाटणी निघाल्यावर प्रश्न आला की मुंबईच्या घराला कायदा कुठला? भारतीय उत्तराधिकार कायद्याने माणूस स्वतःच्या कमाईचं घर हवं त्याला देऊ शकतो. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत मात्र अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव होता, त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नसे.

कुटिन्हो विरुद्ध परेरा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2019 रोजी संहितेच्या बाजूने कौल दिला. कारण वाचण्यासारखं आहे. 1962 साली संसदेने गोव्यातले जुने कायदे चालू ठेवले, तेव्हाच ही संहिता भारताची झाली. मग ती परकी कशी म्हणायची? आणि परकी नसेल, तर घर जिथे तिथला कायदा, हा दोन देशांमधला नियम लागूच होत नाही. गोव्याचा अधिवास असलेल्याची भारतात कुठेही मिळकत असली, तरी वारसा संहितेने. म्हणजे करताना दोन देशांचं असलेलं मृत्युपत्र निकालाच्या दिवशी एकाच देशाचं निघालं.

दरम्यान आमच्याकडच्या माणसांचा दुसरा देश बदलला. गोवा गेला, आखात आलं. इथे मात्र देश खरोखरच दोन आहेत, त्यामुळे तोच नियम लागतो. स्थावराला जागेचा कायदा, जंगमाला मरतेवेळी अधिवास असलेल्या देशाचा. 1925 च्या कायद्याच्या कलम 5 मध्ये तो लिहिलेला आहे. गंमत म्हणजे ते कलम हिंदू-मुसलमानांना लागू नाही. तरी आपली न्यायालयं त्यांच्या बाबतीतही साधारण याच तत्त्वाने चालतात. नुसता मुक्काम लांबला म्हणून अधिवास बदलत नाही. पंचवीस वर्षं दुबईत नोकरी केली, पण व्हिसा नोकरीपुरता आणि मन गावी परतण्याचं, तर अधिवास भारताचाच राहतो. लंडनला कायमचं बिऱ्हाड केलेल्याचं तसं नाही.

अडचण अशी की हा आपल्या न्यायालयांचा हिशोब. दुबईचं न्यायालय स्वतःचा कायदा बघतं. उदाहरण घेऊ. मालवणचा एक हिंदू, स्वकष्टार्जित घर-बाग गावी, फ्लॅट आणि बँकेतले पैसे दुबईत. मागे बायको, मुलगा, मुलगी आणि म्हातारी आई. मृत्युपत्र नाही. मालवणात 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांना सारखा पाव हिस्सा. सातबाऱ्यावर आईचंही नाव चढणार. 1 फेब्रुवारी 2023 पासून अमिरातीत बिगर-मुस्लिमांना लागू झालेल्या कायद्याने मात्र अर्धं बायकोला, उरलेलं मुलांना समसमान. आईला तिथलं काहीच नाही. एखाद्या वारसाने मायदेशाचा कायदा लावण्याची मागणी केली, तर चित्र पालटू शकतं. पण म्हणजे घरातल्याच कुणीतरी घरातल्यांविरुद्ध अर्ज करायचा.

मृत्युपत्र केलं तर हे टळतं, आणि दुबईत बिगर-मुस्लिमांसाठी 2015 पासून स्वतंत्र नोंदणी कार्यालयही आहे. गावच्या घराचाही उल्लेख तिथल्याच कागदात केला, तर इथल्या न्यायालयापुढे तिथली प्रमाणित प्रत, भाषांतर, साक्षांकन असा फेरा सुरू होतो. त्यापेक्षा दोन कागद करावेत. मालवणची मिळकत मालवणच्या मृत्युपत्रात. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांच्यात लाभार्थी नसावा. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करून घ्यायलाच सांगतो.

दोन कागदांत एक सापळा आहे. आमच्याकडचे बहुतेक मसुदे जुन्याची नक्कल करून बनतात आणि त्यात एक ओळ ठरलेली असते : ‘यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.’ दुबईत 2021 साली मृत्युपत्र नोंदवून आलेला माणूस गणपतीच्या सुट्टीत कुडाळला हा छापील मसुदा सही करून जातो, तेव्हा त्याच एका ओळीने दुबईचं मृत्युपत्र रद्द झाल्याचा दावा करायला वाट मोकळी होते. मसुद्यात ‘भारतातील मिळकतीपुरती’ एवढे शब्द घालायचे, आणि परदेशातलं मृत्युपत्र कायम आहे, असं त्याची तारीख देऊन लिहायचं. तिकडच्या कागदातही अशीच ओळ भारताबद्दल हवी. आणि कागद तिथे इंग्रजीत, इथे मराठीत, म्हणून दोन्ही मसुदे दोन्ही वकिलांनी सहीआधी एकमेकांना दाखवायचे.