दहा जणांची पंगत आणि सुरमईचा हिशेब

मालवणी खाणावळीच्या गल्ल्यावर संध्याकाळी बसलं की ताटांची उलाढाल डोळ्यांसमोरून जाते. एका टेबलावर सुरमई थाळी, शेजारी कोंबडी वडे, कोपऱ्यात एक आजोबा शाकाहारी थाळी जेवताहेत, आणि अधूनमधून सोलकढीचा जास्तीचा पेला. रात्री बिलिंग मशीन एकच आकडा दाखवतं, तो म्हणजे दिवसभराची एकूण विक्री. पण प्रत्येक ताटामागे सुटणारे पैसे वेगळे असतात. त्यामुळे त्या एका आकड्यावरून महिना नफ्यात जाणार की तोट्यात, हे मालकाला सांगता येत नाही.

एकच पदार्थ विकणाऱ्याचं गणित सोपं असतं. वडापावच्या गाडीवर एका वड्यामागे 6 रुपये सुटत असतील आणि महिन्याचा बांधील खर्च 30 हजार असेल, तर 5 हजार वडे विकले की खर्च निघाला. त्यापुढच्या प्रत्येक वड्याचे 6 रुपये नफ्याचे. खाणावळीत मात्र कोणत्या ताटाच्या सुटणाऱ्या पैशांनी भागायचं, हाच पहिला प्रश्न असतो.

नमुन्यादाखल 40 खुर्च्यांची एक मालवणी खाणावळ घेऊ. भाडं, आचारी आणि वाढप्यांचे पगार, परवाने, कर्जाचा हप्ता, विजेचं किमान बिल असा गिऱ्हाईक आलं तरी आणि न आलं तरी होणारा खर्च महिन्याला 3 लाख 60 हजार धरू. सुरमई थाळी 450 रुपयांना, कोंबडी वडे 320 ला, शाकाहारी थाळी 200 ला आणि सोलकढीचा पेला 50 ला. हे दर जीएसटी सोडून आहेत. रेस्टॉरंटला 5 टक्क्यांच्या दरात खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही, म्हणून तो कर खर्चातच धरायचा.

आता सुरमईच्या थाळीचा खर्च जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. सकाळी 3 किलोची सुरमई 900 रुपये किलोने आली, म्हणजे 2,700 रुपये. डोकं, शेपूट आणि आतली घाण काढल्यावर हातात साधारण 2 किलो 100 ग्रॅम उरतात. तळायला 100 ग्रॅमची तुकडी आणि कालवणात 60 ग्रॅमची, असं धरलं तर त्यात 13 थाळ्या बसतात. एका थाळीत नुसत्या माशाचे 208 रुपये झाले. भात, भाकरी, वाटण, तेल, गॅस मिळून आणखी 72. एकूण 280 गेले आणि 170 सुटले. हाच आचारी तुकड्या जरा जाड कापायला लागला आणि 13 ऐवजी 11 थाळ्या निघाल्या, तर सुटणारे पैसे 133 वर येतात. गिऱ्हाईक खूश असतं, विक्रीत काही फरक दिसत नाही आणि ताटामागे 37 रुपये गळतात. हे ओळखायचा एकच मार्ग आहे: किती किलो मासा आला आणि किती थाळ्या विकल्या, ही जुळणी रोज करायची.

इतर पदार्थांचंही असंच करून पाहिलं की कोंबडी वड्यांमागे 160, शाकाहारी थाळीमागे 110 आणि सोलकढीमागे 35 रुपये सुटतात. टक्केवारी काढली तर क्रम नेमका उलटा लागतो. सोलकढीत 70 टक्के, शाकाहारी थाळीत 55, वड्यांत 50 आणि सुरमईत जेमतेम 38.

इथेच बरेच जण या चार टक्केवाऱ्यांची सरळ सरासरी काढतात. ती येते 53. मग 3 लाख 60 हजारांना तिने भागलं की उत्तर मिळतं, महिन्याला सुमारे 6 लाख 77 हजारांची विक्री झाली की खर्च निघाला. हे उत्तर चुकीचं आहे, आणि चूक धोक्याच्या दिशेने आहे. सोलकढीचा एक पेला आणि सुरमईचं एक ताट यांना त्यात सारखंच वजन मिळालं आहे.

बरोबर रीत म्हणजे आधी दहा जणांची पंगत बसवायची. केओटी किंवा मशीनमधली पदार्थवार विक्री पाहून दहा गिऱ्हाइकं काय खातात ते काढायचं. समजा इथे चौघं सुरमई थाळी घेतात, तिघं वडे, तिघं शाकाहारी, आणि या दहा जणांत मिळून सोलकढीचे 5 पेले जातात. हेच विक्रीचं मिश्रण. पंगतीचं बिल होतं 3,610 रुपये आणि सुटतात 680, 480, 330 आणि 175 मिळून 1,665 रुपये. आता 3 लाख 60 हजारांना 1,665 ने भागायचं. उत्तर येतं 216 पंगती, म्हणजे सुमारे 2,160 गिऱ्हाइकं, दिवसाला 72. विक्रीच्या भाषेत 7 लाख 80 हजार. सरळ सरासरीवाल्या उत्तरापेक्षा हे लाखभर रुपयांनी जास्त आहे. तो हिशेब धरून चालणारा मालक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नफ्यात आलो असं समजेल, तेव्हा त्याचा बांधील खर्चही निघालेला नसेल.

आता या हिशेबाची खरी परीक्षा घेणारा महिना येतो, श्रावण. महाराष्ट्रात श्रावण पाळणारी घरं भरपूर आहेत, आणि मासे खाणारी माणसं त्याच खाणावळीत येऊन शाकाहारी थाळी मागतात. गर्दी तितकीच राहिली असं धरू, रोज 80 गिऱ्हाइकं. फक्त पंगत बदलली: सात जण शाकाहारी, एक सुरमई, दोन वडे आणि सोलकढीचे 3 पेले. या पंगतीचं बिल 2,640 रुपये आणि सुटतात 1,365.

मालकाच्या हिशेबनिसाने टक्केवारी काढली तर त्याला आनंद होईल. आधी बिलाचे 46 टक्के सुटत होते, आता 52 टक्के. कच्च्या मालाचा खर्च कमी झाला, असं कागद सांगतो. पण 80 गिऱ्हाइकांच्या महिन्यात 240 पंगती होतात. नेहमीच्या मिश्रणात त्यातून 3 लाख 99 हजार 600 सुटले असते आणि 39,600 नफा उरला असता. श्रावणाच्या मिश्रणात सुटतात 3 लाख 27 हजार 600, म्हणजे 32,400 चा तोटा. खर्च निघायला आता दिवसाला 72 नाही, 88 गिऱ्हाइकं लागतात. खुर्च्या 40 आणि जेवणाची वेळ ठरलेली, तेव्हा ही 16 माणसं जास्त आणायची कुठून?

एकाच महिन्यात टक्केवारी सुधारते आणि तोटाही होतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण यात विसंगती नाही. भाडं आणि पगार रुपयांत द्यायचे असतात, टक्क्यांत नाही. आणि खाणावळीत खुर्ची मोजकी असते. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसामागे किती रुपये सुटले, यावरच घर चालतं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी 1982 मध्ये मेन्यूच्या विश्लेषणाची जी पद्धत मांडली, तिचा गाभाही हाच होता. पदार्थ तोलायचा तो त्याच्या मागे सुटणाऱ्या पैशांवर आणि त्याच्या खपावर, कच्च्या मालाच्या टक्केवारीवर नाही.

सुरमई रुपयांत वरचढ आहे म्हणून तीच खपवत राहावी, असंही नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्या काळात मासा महागतो. किलोचा दर 900 वरून 1,200 वर गेला तर त्याच 3 किलोच्या सुरमईचे 3,600 होतात. थाळीमागे माशाचेच 277 आणि सुटणारे पैसे 101. म्हणजे यादीतलं सगळ्यात महाग ताट आता 200 रुपयांच्या शाकाहारी थाळीपेक्षाही कमी देतं. पंगत तीच ठेवली तरी सुटतात 1,389 आणि दिवसाला 86 गिऱ्हाइकं लागतात. कित्येक मत्स्याहारी खाणावळी छापील यादीत माशाचा दर देत नाहीत, रोजच्या पाटीवर लिहितात, त्यामागे हेच कारण आहे. ज्यांनी 450 छापून ठेवले, त्यांना दोन महिने प्रत्येक ताटात 69 रुपये पदरचे घालावे लागतात.

घरपोच मागण्यांचाही हिशेब वेगळा मांडावा लागतो. तीच सुरमई थाळी अ‍ॅपवरून गेली, 25 टक्के कमिशन कापलं गेलं आणि डब्याला 20 रुपये लागले, तर 170 चे जेमतेम 37 उरतात. ती खाणावळीतल्या थाळीसोबत मोजली की पंगतीचा आकडा खोटा होतो. तिला दुसरा पदार्थ समजूनच यादीत वेगळी ओळ द्यायला हवी. तिला खुर्ची लागत नाही, ही जमेची बाजू. म्हणून रिकाम्या दुपारी तिचे 37 रुपये चालतील. ऐन गर्दीत चूल अडवून खुर्चीवरच्या माणसाला थांबवत असेल, तर तेच 37 महाग पडतात.

श्रावणाच्या तोट्यावर मालक काय करू शकतो? शाकाहारी थाळीची किंमत सरसकट वाढवली तर रोजचे नोकरदार जेवणारे तुटतात. त्याऐवजी वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, पुरणपोळी अशी 260 रुपयांची श्रावण थाळी ठेवली आणि तिचा खर्च 110 आला, तर ताटामागे 150 सुटतात, जवळजवळ सुरमईइतकेच. सात शाकाहारींपैकी चौघांनी ती घेतली की पंगतीमागे 1,365 ऐवजी 1,525 सुटतात आणि गरज 88 वरून 79 वर येते. वाढप्याने ऑर्डर घेताना सोलकढीचं नाव काढलं आणि पंगतीमागे 3 ऐवजी 5 पेले गेले, तर आणखी 70 रुपये. पेल्याला वेगळी खुर्ची लागत नाही, म्हणून त्या 35 रुपयांचं मोल कागदावर दिसतं त्याहून जास्त आहे. मात्र थाळीसोबत मिळणारी सोलकढीची वाटी काढून घेऊन पेला विकायला गेलं, तर जुनं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ओळखतं.

या 1,525 च्या पंगतीवर रोज 80 गिऱ्हाइकं आली, तर महिन्याला 3 लाख 66 हजार सुटतात आणि 6 हजार हातात राहतात. त्यासाठी चौघं श्रावण थाळी घेताहेत की दोघंच, हे दर सोमवारी मशीनमधल्या पदार्थवार विक्रीतून पाहावं लागतं. दोघांवर आलं तर सुटतात 1,445, गरज जाते 83 वर, आणि रोज 80 गिऱ्हाइकं येऊनही महिना तोट्यात जातो.