झोपाळा ऐकू येईल असा

सागवानी झोपाळ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना दुकानदार त्यावरच ‘४ फूट, पितळी कड्या’ असं छापतो. पण अंध ग्राहकाच्या फोनमधला टॉकबॅक चित्रात मिसळलेली अक्षरं भरवशाने वाचत नाही. तो वाचतो ऑल्ट टेक्स्ट. त्यात लिहावं: ‘४ फुटी सागवानी झोपाळा, पितळी कड्या, पाठीला कोरीव जाळी, गडद तपकिरी पॉलिश.’ सुरुवातीला ‘फोटो’ नको. ते टॉकबॅकच सांगतो. ‘स्वस्त फर्निचर, बेस्ट फर्निचर’ अशी खोगीरभरती तर नकोच, ऐकणारा वैतागतो. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून ‘सागवानी झोपाळा’ हे शब्द फोटोखालच्या मजकुरातही हवेत. फोटोवर मोजकी, ठळक अक्षरं पुरेत. तीही लाकडाच्या रेषांवर नव्हे, मागच्या मोकळ्या भिंतीवर.