७३.६ की ७६.५?
आकडेमोड रोजची : भाग ६

सेमिस्टर संपत आलं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते आणि ज्यांनी महिनाभर बोर्डाकडे पाहिलेलं नसतं तेही तिथे गर्दी करतात. नाव आहे की नाही, एवढंच बघून बहुतेक जण परततात. नावापुढचे आकडे सहसा कोणी वाचत नाही, आणि गफलत असलीच तर ती तिथेच असते.

मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ मध्ये दोन अटी आहेत: एकूण लेक्चर, प्रॅक्टिकल, ट्युटोरियल मिळून सरासरी ७५ टक्के हजेरी, आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. सगळा घोळ ‘सरासरी’ या एका शब्दाशी होतो.

नमुन्यादाखल प्रथम वर्ष कॉमर्सची एक विद्यार्थिनी घेऊ. अकाउंट्सची ६० लेक्चर झाली, ती ५१ ला बसली. अर्थशास्त्राची ५० पैकी ३९, गणिताची ६० पैकी ४५, कम्युनिकेशनची ४० पैकी ३० आणि फाउंडेशन कोर्सची २० पैकी ११. विषयवार टक्के निघतात ८५, ७८, ७५, ७५ आणि ५५. तक्ता करणाऱ्याने या पाच टक्क्यांची बेरीज करून पाचाने भागलं. उत्तर आलं ७३.६ आणि मुलगी यादीत गेली.

आता लेक्चर मोजू. झाली २३०, ती हजर १७६. म्हणजे ७६.५ टक्के. पहिल्या पद्धतीत फाउंडेशनच्या २० लेक्चरना अकाउंट्सच्या ६० लेक्चरएवढंच वजन मिळालं, म्हणून छोट्या विषयातल्या नऊ दांड्या एवढ्या महाग पडल्या. अध्यादेशात सरासरी ‘एकूण लेक्चरांची’ म्हटली आहे, टक्क्यांची नव्हे. तेव्हा ७६.५ हाच आकडा धरायला हवा. फाउंडेशनचे ५५ टक्के दुसऱ्या अटीतही बसतात. ही मुलगी पात्र आहे.

दुसरी जागा छेदाची, म्हणजे ‘झालेली लेक्चर’ या रकान्याची. आठवड्याला चार तासांचा विषय पंधरा आठवडे चालला तर सुट्ट्या न वगळता ६० लेक्चर होतात. तक्त्यात ६६ दिसली तर जादा तास झाले होते का, की शेजारच्या डिव्हिजनचे तास यात मिसळले, हे विचारावं. बऱ्याच कॉलेजांत हा तक्ता एक्सेलमध्ये होतो. चौथ्या ओळीत तारखा, त्याखाली एकेका मुलाची ओळ, हजेरीला P आणि गैरहजेरीला रिकामी चौकट. सूत्र असं हवं:

```
=COUNTIF(D5:BK5,"P")/COUNTA(D$4:BK$4)
```

यातलं $ चिन्ह राहून गेलं की सूत्र खाली ओढताना छेदही एकेक ओळ खाली सरकतो. मग मुलाची हजेरी तारखांनी नव्हे, तर त्याच्या वरच्या रोल नंबरच्या हजेरीने भागली जाते! वरचा मुलगा ३० दिवसच आला असेल आणि खालचा ४५, तर खालच्याची हजेरी १५० टक्के. ही चूक दुरूनही दिसते. पण वरचा ५८ दिवस आला असेल, तर खालच्याचे ७५ चे ७७.६ होतात आणि कोणालाच संशय येत नाही. म्हणून शंभराच्या वरचा एक जरी आकडा दिसला, तरी तेवढाच दुरुस्त न करता पूर्ण रकाना पुन्हा तपासावा लागतो.

दशांशाची गंमत वेगळीच. २३० पैकी १७२ म्हणजे ७४.७८. दशांश लपवले तर पडद्यावर ७५ उमटतं, पण शेजारचा रकाना मूळ आकडा तपासून ‘अपात्र’ म्हणतो. मुलगा ७५ वर बोट ठेवून भांडतो, क्लार्क ‘अपात्र’वर. तक्त्यात दोन दशांश छापले असते तर दोघांचाही अर्धा तास वाचला असता.

कॉलेजने नेलेली, शिक्षक सोबत असलेली अभ्यासभेट असेल, तर त्या दिवशी झालेले तास हजेरीत धरायचे असतात. मस्टरमध्ये मात्र त्या दिवशी सरळ गैरहजेरी पडलेली असते. वरच्या मुलीची अशी चार लेक्चर असतील, तर १७६ चे १८० होतात आणि टक्केवारी ७८.२६.

एवढं तपासूनही मुळातली नोंद बरोबर आहे की नाही, हे तक्ता सांगू शकत नाही. ते विषयशिक्षकांच्या मस्टरमध्येच पाहावं लागतं. त्यासाठी ‘माझी हजेरी कमी दिसते’ असा मोघम अर्ज देण्यापेक्षा विषय, तारीख आणि तासाची वेळ लिहून द्यावी, आणि तेही परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलची हजेरी: दोन तासांचं एक प्रॅक्टिकल एक मोजायचं की दोन?