लाल आकडा का विरघळतो?

धाकट्या बहिणीने घरून हिशेबाची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा वेगळा मॉनिटर न घेता बैठकीतला 43 इंची 4के टीव्हीच लॅपटॉपला जोडला. एक्सेलच्या लांबलचक याद्या एका नजरेत मावतात म्हणून पहिले दोन दिवस ती खूश होती. तिसऱ्या दिवशी फोन आला, “दादा, काळे आकडे नीट दिसतात, पण लाल आकडे पाण्यात भिजल्यासारखे दिसतात. तीन आहे की आठ, कळत नाही. डोळे दुखायला लागले.” दुरुस्तीवाल्याने येऊन पॅनेल खराब असल्याचं सांगितलं होतं. त्याच टीव्हीवर रात्री सिनेमा मात्र आरशासारखा स्वच्छ दिसत होता.

काळं ठीक आणि लाल भिजलेलं, एवढ्या एका निरीक्षणात दुखण्याचं मूळ सापडतं. पॅनेल खराब असतं तर त्याने रंग पाहून भेदभाव केला नसता. केबल सैल किंवा कमी दर्जाची असती, तर चित्र मध्येच गेलं असतं, पडद्यावर पांढरे ठिपके चमकले असते. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचतात किंवा पोचत नाहीत. अर्धवट पोचून अक्षर पुसट करणं केबलला जमत नाही. इथे रंगाची माहिती कुणीतरी जाणूनबुजून कमी करत होतं.

ही काटकसर रंगीत टीव्हीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत 1953 साली रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते आणि ते निकामी करून चालणार नव्हतं. म्हणून चित्राचे दोन भाग केले गेले. एक उजेडाचा, म्हणजे कुठे किती उजळ आणि कुठे किती काळोखं. दुसरा निव्वळ रंगाचा. जुना संच उजेडाचा भाग घेई आणि रंगाचा सोडून देई. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा आपल्याकडचे कृष्णधवल संचही असेच चालू राहिले. याच वेळी आणखी एक गोष्ट अभियंत्यांच्या कामी आली. माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक टिपण्यात फार तरबेज आहे, रंगातल्या बारीक फरकाला तो तेवढा सरावलेला नाही. मग रंगाचा भाग जरा ढोबळ पाठवला तर बिघडलं कुठे? चेहरा, झाडं, आकाश यांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिजिटल काळात या काटकसरीला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात. पडद्यावरचे शेजारशेजारचे चार ठिपके, दोन वर आणि दोन खाली, असा एक छोटा चौकोन घ्या. प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा आणि रंगाचे दोन आकडे, म्हणजे चौघांचे मिळून बारा आकडे होतात. सगळे पाठवले की ती पद्धत 4:4:4. चारही ठिपक्यांना उजेड आपापला, पण रंग मात्र चौघांत मिळून एकच, असं केलं तर सहाच आकडे लागतात, ती 4:2:0. या दोन्हींच्या मधली 4:2:2, तिच्यात आडव्या शेजाऱ्यांच्या जोडीला एक रंग मिळतो. डीव्हीडी, ब्लू-रे आणि इंटरनेटवरचे सिनेमे जवळजवळ सगळे 4:2:0 मध्येच साठवलेले असतात. म्हणून बहिणीच्या टीव्हीवर सिनेमात काहीच कमी वाटत नव्हतं. जे मुळातच नव्हतं, ते हरवणार कसं?

अक्षरांचं तसं नाही. संगणकावरच्या छोट्या आकड्याची उभी रेघ कधीकधी एकाच ठिपक्याएवढी रुंद असते. पांढऱ्यावर काळी रेघ असेल तर उजेडाचा आकडा 255 वरून थेट शून्यावर उतरतो. रंग दोन्हीकडे नसतोच, त्यामुळे चौघांनी तो वाटून घेतला तरी हरवायला काही नाही. आता निळ्या पट्टीवर एका ठिपक्याची लाल रेघ ओढा. एचडी चित्रांसाठीच्या सूत्राने शुद्ध लालचा उजेड 255 पैकी साधारण 54 भरतो आणि शुद्ध निळ्याचा 18. दोन्ही काळोखेच. त्यांना वेगळं दाखवण्याचं बहुतेक काम रंगावर पडतं, आणि नेमका तोच रंग चौकोनात सरासरी होऊन जातो. लाल आणि निळा मिसळून दोन्ही ठिपके जांभळट होतात, एक किंचित उजळ तर दुसरा किंचित मंद. रेघ अशीच विरघळते. काळ्या पार्श्वभूमीवरचा लाल आकडाही याच कारणाने फिका पडतो आणि शेजारच्या काळ्यावर त्याचा तांबूस डाग उतरतो.

काळी अक्षरंही पूर्ण सुटत नाहीत. विंडोजमधली क्लिअरटाइप ही सोय अक्षराच्या कडेला अगदी हलक्या रंगछटा देऊन ते गुळगुळीत दाखवते. त्या छटा शेजारच्या ठिपक्यांत पसरल्या की काळ्या अक्षरालाही मळकी किनार येते. देवनागरीतला अनुस्वार आणि छोट्या वेलांट्या आधीच चिमुकल्या असतात, त्यामुळे मराठी मजकुरात ही किनार मला इंग्रजीपेक्षा लवकर खुपते.

मी गेलो तो रविवारी. आधी लॅपटॉपचं रिझोल्यूशन 3840 × 2160 आहे ना हे पाहिलं, कारण ते कमी असेल तर सगळीच अक्षरं मऊ दिसतात आणि पुढची तपासणी फोल ठरते. मग विंडोजमधलं `Scale` तेवढ्यापुरतं 100% केलं, पेंट उघडला, पानभर शुद्ध निळा रंग ओतला आणि एक ठिपका रुंदीच्या उभ्या लाल रेघा एकेक ठिपका सोडून ओढल्या. झूम अर्थातच शंभर टक्क्यांवर. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर डोळे जवळ नेले की लाल-निळ्या रेघा सुट्या मोजता येत होत्या. टीव्हीवर त्याच जागी जांभळा पट्टा. पाच मिनिटांत होणारी ही परीक्षा कुणालाही घरी करता येईल.

पुढचा प्रश्न, रंग हरवतो कुठे? जागा दोन असू शकतात. एक, लॅपटॉपनेच कमी रंग पाठवला. दोन, लॅपटॉपने सगळा पाठवला, पण टीव्हीने आत घेतल्यावर कमी केला. बहिणीच्या घरी दोन्ही घडत होतं, म्हणून एकच उपाय करून थांबलेल्यांना फरक का दिसत नाही तेही त्या दिवशी समजलं.

लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये `Output color format` पुढे `YCbCr420` लिहिलेलं होतं आणि `RGB` हा पर्याय यादीत नव्हताच. कारण टीव्हीच्या त्या पोर्टने “मला पूर्ण माहिती झेपत नाही” असं आधीच सांगून ठेवलेलं असतं. 4के चित्र सेकंदाला 60 वेळा पूर्ण रंगासह पाठवायचं तर केबलमधून सेकंदाला सुमारे 17.8 अब्ज बिट जावे लागतात. एचडीएमआय 2.0 ची मर्यादा 18 अब्ज आहे, म्हणजे ते जेमतेम मावतं. जुन्या 1.4 ची मर्यादा 10.2 अब्ज. तिच्यात 4:2:0 करून निम्मं केलेलं चित्रच बसतं. जुन्या उपकरणांशी जुळावं म्हणून बरेच टीव्ही पोर्टची मोठी वाट कारखान्यातून बंद ठेवून देतात. ती उघडण्याच्या सेटिंगचं नाव कंपनीगणिक बदलतं: सॅमसंगमध्ये `Input Signal Plus`, एलजीमध्ये `HDMI Deep Colour`च्या आसपासचं काही, सोनीमध्ये `HDMI signal format` खाली `Enhanced format`. ते सुरू करताच लॅपटॉपच्या यादीत `RGB` उमटलं. ते निवडलं.

जांभळा पट्टा मात्र तसाच राहिला.

आता दोष टीव्हीच्या पोटात होता. हलतं चित्र सफाईदार करणं, कडा ठळक करणं, खरखर काढणं अशा संस्कारांसाठी टीव्हीत मोठी यंत्रणा असते. ती 4:2:2 मध्ये चालवली की प्रत्येक क्षणी कमी आकडे हाताळावे लागतात, म्हणून बरेच टीव्ही आलेलं पूर्ण `RGB` चित्रही आधी त्या रूपात आणतात. पीसी मोड म्हणजे टीव्हीला दिलेली सूचना, की या पोर्टवर संगणक आहे, चित्रावर संस्कार करू नकोस, आलेला ठिपका तसाच पडद्यावर ठेव. त्याला मोड म्हणतात, पण बऱ्याच टीव्हींत तो चित्राच्या यादीत सापडत नाही. इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून `PC` करावं लागतं. काही ठिकाणी `Graphics` नावाचा चित्रप्रकार तेच काम करतो. बहिणीच्या टीव्हीवर इनपुटवर रिमोट धरून ठेवला, चिन्ह बदललं, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला तेव्हा लाल रेघा निळ्यावर सुट्या उभ्या होत्या. तिने लगेच एक्सेल उघडून आठ शोधला.

पीसी मोडमुळे आणखी दोन दुखणी बहुतेक वेळा जातात. एक म्हणजे कडा कापली जाणं. जुन्या प्रक्षेपणात चित्राच्या कडेला कचरा असे, तो झाकायला टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवत. तीच सवय राहिली तर टास्कबार अर्धा गायब होतो आणि फुगवताना प्रत्येक ठिपका शेजाऱ्यात मिसळतो. दुसरं म्हणजे अक्षरांभोवतीची पांढरी झळाळी. ती `Sharpness`ची करणी. बऱ्याच टीव्हींत ते शून्यावर आणायचं, पण काही टीव्हींत मधला आकडा हाच तटस्थ असतो. म्हणून एका अक्षराच्या कडेकडे पाहत हळूहळू उतरवावं, झळाळी गेली की थांबावं.

एचडीआर सुरू केलं तर हिशेब पुन्हा बदलतो. दहा बिटांचा पूर्ण रंग 4के आणि 60 हर्ट्झला एचडीएमआय 2.0 मध्ये मावत नाही, म्हणून संगणक एकतर रंग 4:2:2 वर आणतो किंवा आठ बिटांवर उतरतो. नुसतं कार्यालयीन काम असेल तर एचडीआर बंद ठेवलेलं बरं. आणि 32 इंची साध्या एचडी रेडी टीव्हीच्या मालकांना हे सांगायलाच हवं की पॅनेल 1366 × 768 ठिपक्यांचं असेल आणि लॅपटॉप त्याला 1920 × 1080 पाठवत असेल, तर तिथे पीसी मोड फारसं काही वाचवणार नाही. मोठं चित्र लहान जागेत कोंबताना काळं अक्षरही मऊच होणार. तिथे काळ्या आणि लाल दोन्ही अक्षरांची सारखीच दुर्दशा दिसते, हीच ओळखण्याची खूण.

पीसी मोडमध्ये चित्राच्या सफाईच्या काही सोयी बंद होतात आणि रंगांचे नियंत्रकही कमी होतात. सिनेमा पाहताना ते काहींना जाणवतं. पण `PC` ही ओळख त्या एका पोर्टपुरतीच असते. बहिणीने लॅपटॉप दुसऱ्या पोर्टवर कायमचा लावून ठेवला आहे, सेट-टॉप बॉक्स पहिल्यावर. रात्री आई मालिका लावते तेव्हा टीव्ही पुन्हा आपल्या जुन्या चालीवर येतो.