वडिलांच्या पश्चात वाटणी: आईचा हिस्सा कसा काढतात?

वडील गेल्यावर भाऊ वेगळे निघतात, तेव्हा घरात बहुधा असा हिशेब मांडला जातो: जमिनीचे दोन भाग करायचे आणि आईने सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे राहायचे. आईच्या पोटापाण्याची सोय लागली की वाटणी झाली, असे सगळे धरून चालतात. कायद्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आईला मुलाएवढा हिस्सा मिळतो, आणि तो पोटगी म्हणून दिला जात नाही. तो तिच्या मालकीचा असतो.

हा नियम जुना आहे. वडिलांच्या मागे मुलगे वाटणी करतील तेव्हा आईनेही सारखा भाग घ्यावा, असे याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे आणि विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने ते उचलून धरले. दक्षिणेत जुन्या मद्रास भागात ही रीत मागे पडली, पण मुंबई प्रांतात टिकली. त्यामुळे महाराष्ट्रात ती आजही लागू होते. तिला एक मर्यादा मात्र होती. बायको किंवा आई स्वतःहून वाटणी मागू शकत नसे. नवरा आणि मुलगे, किंवा मुलगे आपसांत वाटणी करतील तेव्हाच तिचा भाग निघे.

1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हे चित्र बदलले. पुरुष वारला की त्याच्या मिळकतीतला हिस्सा त्याच्या पत्नीला आणि मुलींनाही वारसाने मिळू लागला. पण एकत्र कुटुंबात त्याचा हिस्सा किती, हे आधी ठरवायला हवे. त्यासाठी कायदा असे मानतो की मृत्यूच्या अगदी आधी कुटुंबात वाटणी झाली होती. यालाच काल्पनिक वाटप म्हणतात. वाद निघाला तो यावरून. या मानलेल्या वाटणीत पत्नीचा जो भाग निघतो तो तिला खरोखर द्यायचा, की तो फक्त आकडेमोडीपुरता धरायचा?

याचे उत्तर सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका दाव्यातून मिळाले. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या नावाने तो निकाल ओळखला जातो. हिराबाईंचे पती 1960मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली राहिल्या. 1962मध्ये हिराबाईंनी दावा लावून घरे, जमीन आणि दुकाने यांत 7/24 हिस्सा मागितला.

हा आकडा दोन पायऱ्यांनी येतो. पहिली पायरी काल्पनिक वाटपाची. पती, पत्नी आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी, म्हणून प्रत्येकाला चौथा भाग. त्या काळी मुलींना या पायरीवर भाग नव्हता. दुसरी पायरी वारसाची. पतीचा चौथा भाग पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला 1/24. हिराबाईंचा पहिल्या पायरीवरचा चौथा भाग म्हणजे 6/24. त्यात वारसाचा 1/24 मिळवला की 7/24 होतात.

मूळ न्यायालयाने त्यांना फक्त 1/24 दिला. उच्च न्यायालयाने 7/24 मान्य केला आणि 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचा गाभा सरळ आहे: वाटणी झाली असे एकदा मानले की तिचे सगळे परिणामही मानावे लागतात. पतीचा भाग काढण्यापुरती वाटणी धरायची आणि पत्नीच्या भागाशी आल्यावर ती विसरायची, असे करता येणार नाही.

2005च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मतःच मुलासारखी सहदायाद झाली आणि विनीता शर्मा प्रकरणात 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केले. म्हणून आजचा हिशेब थोडा वेगळा होतो. समजा, वडील 2019मध्ये वारले. मृत्युपत्र नाही, आधी वाटणी झालेली नाही. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. वडिलोपार्जित जमीन आठ एकर आहे. पहिल्या पायरीवर वडील, आई, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच भाग पडतात. आठ एकरांचा पाचवा भाग म्हणजे एक एकर चोवीस गुंठे. दुसऱ्या पायरीवर वडिलांचे एक एकर चोवीस गुंठे, म्हणजे चौसष्ट गुंठे, चौघा वारसांत वाटायचे. प्रत्येकाला सोळा गुंठे येतात. आईचे एकूण ऐंशी गुंठे झाले, म्हणजे दोन एकर. मुलांना आणि मुलीलाही तेवढेच.

आता पहिल्या पायरीवर आईला वगळून पाहा. वडील, दोन मुलगे आणि मुलगी असे चार भाग धरले तर वडिलांच्या वाट्याला दोन एकर येतात. ते चौघांत वाटले की आईला मिळतात वीस गुंठे. दोन एकरांच्या जागी अर्धा एकर. कागदावर आई ‘वारस’ म्हणून दिसते, तिचे नाव वगळले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि तरी दीड एकर गेलेली असते. ही चूक ओळखायला वकील लागत नाही. मिळकत वडिलोपार्जित असेल आणि आईचा आकडा मुलाच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर पहिली पायरी गाळली आहे असे समजावे. जुन्या नियमाप्रमाणे तिला नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून मिळालेले स्त्रीधन हिशेबात वजा होऊ शकते, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

हा दोन पायऱ्यांचा हिशेब सगळ्याच मिळकतीला लागत नाही. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली जमीन किंवा फ्लॅट असेल तर पहिली पायरीच नाही. ती मिळकत आई, मुलगे आणि मुली यांच्यात सरळ सारखी वाटली जाते. आजी हयात असेल तर तीही एक वारस. वडिलांनी मृत्युपत्र केले असेल, तर एकत्र मिळकतीतला फक्त त्यांचा स्वतःचा भाग त्या मृत्युपत्राने जातो.

आता कागदांकडे वळू. सातबाऱ्यावर आईचे नाव कुठे आहे ते नीट पाहावे. खातेदारांच्या रकान्यात मुलांची नावे आणि आईचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात, असे जुने फेरफार गावोगाव आढळतात. तसे असेल तर तिला हिस्सेदार न धरता पोसण्याचा बोजा म्हणून नोंदले आहे. अशा नोंदीने तिची मालकी जात नाही, कारण फेरफार ही महसुली नोंद असते आणि मालकी तिने ठरत नाही. पण पुढची वाटणी आणि विक्री त्याच उताऱ्यावर होते, म्हणून दुरुस्ती वेळेत करून घ्यावी. तहसीलदारांकडे संमतीने वाटप करायचे असेल तर सर्व सहधारकांची संमती लागते, म्हणून आईची सही टाळता येत नाही. याच टप्प्यावर तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. त्यावर सही करून ते नोंदले गेले की हिस्सा गेला, आणि तो परत मिळवायला न्यायालयात लबाडी किंवा दडपण सिद्ध करावे लागते.

वाटणीत मिळालेला हिस्सा आईचा पूर्ण मालकीचा असतो, कारण 1956च्या कायद्याच्या कलम 14ने हयातीपुरत्या हक्काची जुनी अट काढून टाकली. ती तो विकू शकते, कसायला देऊ शकते, मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला ठेवू शकते. म्हणून वाटणीच्या बैठकीला बसाल तेव्हा आईचे एकर-गुंठे आधी कागदावर लिहा, तो कागद तिला वाचून दाखवा आणि मगच तिची सही घ्या.