कैचीतली रिकामी दांडी

शाळेच्या सभागृहात किंवा भाताच्या गिरणीत मान वर केली की छपराखाली लोखंडी अँगलचे त्रिकोण दिसतात. याला कारागीर कैची म्हणतात आणि इंजिनिअर ट्रस. तिच्यातल्या प्रत्येक दांडीवर किती बळ येते, हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात काढता येते. ते काढताना काही दांड्यांवर बळच नाही, असेही आढळते. या रिकाम्या दांड्या आधी ओळखल्या की बाकीचे गणित सोपे होते. पण ‘बळ शून्य, म्हणून दांडी नकोच’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो छपराच्या जिवावर बेतू शकतो.

उदाहरणासाठी कोकणातल्या कौलारू सभागृहाला शोभेल अशी कैची घेऊ. दोन भिंतींमधले अंतर ८ मीटर, मधली उंची ३ मीटर. डाव्या भिंतीवर सांधा ‘अ’, उजव्या भिंतीवर ‘इ’. त्यांना जोडणाऱ्या खालच्या आडव्या दांडीवर दर २ मीटरला ‘ब’, ‘क’, ‘ड’ हे सांधे. मध्यावरच्या ‘क’च्या बरोबर वर, आढ्याशी, ‘ग’. डाव्या पाख्याच्या मध्यावर, म्हणजे ‘ब’च्या वर, ‘फ’ आणि तसाच उजवीकडे ‘ड’च्या वर ‘ह’. ब-फ, क-ग, ड-ह या तीन उभ्या दांड्या, तर फ-क आणि ह-क या दोन तिरप्या. एकूण ८ सांधे आणि १३ दांड्या. पाख्याचा उतार असा आहे की ४ मीटर आडवे गेले की ३ मीटर चढतो, म्हणजे पाख्याची लांबी ५ मीटर भरते. या ३-४-५च्या त्रिकोणामुळे आकडे सुटसुटीत येतात.

दोन कैच्यांमध्ये ४ मीटर अंतर आणि कौलांसह सगळा भार दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन धरला, तर ‘फ’, ‘ग’, ‘ह’ या प्रत्येक सांध्यावर १२ किलोन्यूटन येतात. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचे वजन. वळचणीजवळचा भार थेट भिंतीत उतरतो, म्हणून तो सोडून देऊ. एकूण भार ३६, तेव्हा प्रत्येक भिंत कैचीला वर १८ किलोन्यूटनने रेटते.

इथे दोन गोष्टी गृहीत आहेत. सांधे बिजागरीसारखे मोकळे फिरतात आणि भार फक्त सांध्यांवरच येतो. म्हणूनच पर्लिन सांध्यावर बसवायचे असतात. पर्लिन दोन सांध्यांच्या मध्ये टेकले तर पाख्याची दांडी वाकू लागते आणि त्या वाकण्याचा हिशेब या पद्धतीत येत नाही.

आता रिकाम्या दांड्या शोधू. ‘ब’ सांध्याकडे नीट बघा. तिथे तीन दांड्या भेटतात. दोन आडव्या एका सरळ रेषेत, तिसरी उभी. सांध्यावर बाहेरून काही टांगलेले नाही. उभ्या दांडीत बळ असते, तर तिने ‘ब’ला वर ओढले असते किंवा खाली ढकलले असते. आडव्या दांड्या फक्त आडव्याच ओढू शकतात, त्यामुळे त्या उभ्या बळाला तोलायला तिथे कोणीच नाही. सांधा तर जागेवर आहे. म्हणजे ब-फ मधले बळ शून्य आणि त्याच कारणाने ड-ह मधलेही शून्य.

दुसरा नियमही असाच आहे. एका सांध्यावर दोनच दांड्या असतील, त्या एका रेषेत नसतील आणि बाहेरचे बळ नसेल, तर दोन्ही रिकाम्या. विद्यार्थी इथेच फसतात. ‘अ’वर दोनच दांड्या दिसतात आणि ते दोन्हींवर काट मारतात. पण ‘अ’ला भिंत १८ किलोन्यूटनने वर रेटते आहे. ‘फ’चेही तसेच. अ-फ आणि फ-ग एका रेषेत आहेत, ब-फ रिकामी ठरली, तेव्हा फ-क सुद्धा शून्य वाटते. पण ‘फ’वर १२ किलोन्यूटन भार बसला आहे, म्हणून नियम लागू होत नाही. काट मारण्यापूर्वी सांध्यावर भार किंवा आधार आहे का, हे पाहायलाच हवे.

उरलेल्या दांड्या सांध्यागणिक सोडवू. अमेरिकन इंजिनिअर स्क्वायर व्हिपल याने १८४७ साली पुलांवरच्या पुस्तकात या प्रकारचे गणित मांडले होते. प्रत्येक सांध्यावर उभ्या बळांची बेरीज शून्य आणि आडव्या बळांचीही शून्य. समीकरणे दोनच मिळतात, म्हणून जिथे दोनच अज्ञात आहेत तिथून सुरुवात करायची.

‘अ’पासून सुरू करू. भिंतीचे १८ तोलायला अ-फ हीच एक तिरपी दांडी आहे. तिच्या बळाचा ३/५ भाग उभा असतो, म्हणून बळ ३०, आणि ते दाबाचे. त्याचा ४/५ भाग, म्हणजे २४, आडवा जातो. तो अ-ब ताणाने पेलते. ‘ब’वर उभी दांडी रिकामी असल्यामुळे ब-क मध्येही तेवढाच ताण, २४.

‘फ’वर अ-फ दांडी सांध्याला २४ ने उजवीकडे आणि १८ ने वर ढकलते. भार १२ ने खाली दाबतो. उरलेले ६ वर आणि २४ उजवीकडे हे फ-ग आणि फ-क यांनी मिळून तोलायचे. दोन समीकरणे सोडवली की फ-ग मध्ये २० आणि फ-क मध्ये १० येतात, दोन्ही दाब. ‘ग’वर दोन्ही पाखी मिळून २४ ने वर रेटतात, भार १२ खाली आहे, म्हणून क-ग मध्ये १२ चा ताण. उजवी बाजू डावीसारखीच.

पडताळा ‘क’वर घ्यावा. दोन तिरप्या दांड्या त्याला प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १२ ने खाली ढकलतात आणि क-ग त्याला १२ ने वर ओढते. हिशेब जुळला. हा शेवटचा सांधा जुळला नाही, तर मागे कुठेतरी चिन्ह चुकले आहे असे समजावे.

आता फक्त आढ्यावरच भार आहे असे समजा. ‘फ’वर भार नाही, म्हणून फ-क रिकामी. तशीच ह-क रिकामी. मग ‘क’वर क-ग एकटी उरते, तीही रिकामी. आतल्या पाचही दांड्या शून्यावर येतात. शून्य बळ हे त्या वेळच्या भाराचे लक्षण असते, दांडीचा कायमचा गुण नव्हे.

मग ब-फ हवी कशाला? कौलांचे वजन असते तेव्हा खालची दांडी ताणात राहते. कौले काढून हलके पत्रे घातले आणि वादळी वाऱ्याने छप्पर वर ओढले, तर बळे उलटतात आणि खालची दांडी दाबात येते. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातली असंख्य छपरे उडाली, ती वाऱ्याच्या याच ओढीने. दाबातली सडपातळ दांडी लचकून निकामी होते. ब-फ त्या ४ मीटर लांबीला कैचीच्या पातळीत मध्येच धरून ठेवते. लांबी निम्मी झाली की लचकण्याविरुद्धची ताकद चौपट होते, असे ऑयलरचे सूत्र सांगते. उभ्या दांडीत तेव्हाही गणिताने जवळपास शून्यच येते, तरी तिचे काम चालू असते. ‘ब’ला २ किलोन्यूटनचे सामान टांगले, तर तिच्यात लगेच २ चा ताण येतो.

म्हणून कैचीखाली पंखे, छत किंवा टाकी टांगण्याआधी, कौलांऐवजी पत्रे घालण्याआधी गणित नव्याने करून घ्या. आणि रिकामी दिसते म्हणून कुठलीही दांडी कापू देऊ नका.